उभी आणि आडवी बेरीज जुळत नसेल तर चूक कुठे शोधायची?

प्रश्न: सोसायटीच्या मेंटेनन्सचा तक्ता हाताने केलाय. उभ्या बेरजांची बेरीज आडव्या बेरजांपेक्षा २७० रुपयांनी जास्त येते. सगळं पुन्हा करायचं का?

उत्तर: नको. पुन्हा सगळं करायला बसलात तर तीच चूक परत होण्याची शक्यता बरीच असते, कारण डोळा मघाचाच आकडा वाचतो. आधी २७० काय सांगतोय ते बघा. तुमचा तक्ता दिसत नाही, म्हणून चार फ्लॅटचा नमुना घेतो. फरक मात्र तुमचाच ठेवलाय.

| फ्लॅट | सेवाशुल्क | पाणी | दुरुस्ती निधी | सिंकिंग फंड | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| १०१ | १००० | ११० | १८० | ६० | १३५० |
| १०२ | १००० | १७० | १८० | ६० | ११४० |
| २०१ | १००० | २२० | २४० | ८० | १५४० |
| २०२ | १००० | २१० | २४० | ८० | १५३० |
| एकूण | ४००० | ७१० | ८४० | २८० | ? |

खालची ओळ आडवी मिळवली तर ५८३०, शेवटचा रकाना उभा मिळवला तर ५५६०. फरक २७०.

२७० ला ९ ने पूर्ण भाग जातो. असं झालं की पहिला संशय आकड्यांच्या अदलाबदलीचा. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. एकक-दशक उलटले तर तो त्या दोन अंकांतल्या फरकाच्या ९ पट असतो, दशक-शतक उलटले तर ९० पट. इथे २७० भागिले ९० म्हणजे ३. म्हणजे शतक आणि दशक यांत ३ चा फरक असलेली बेरीज शोधायची. आडवी बाजू कमी पडतेय, तेव्हा तिथल्या चुकलेल्या आकड्यात लहान अंक आधी आलेला असणार. १३५०, १५४०, १५३० यांपैकी एकही बसत नाही. बसतो फक्त ११४०. तेवढी एकच ओळ मिळवून बघा: १४१०. फरक मिटला.

९ ची पट आली म्हणजे अदलाबदलच, असं मात्र धरून चालू नका. ३० चा आकडा एका वेळी ३००  वाचला गेला तरी फरक २७० च येतो. म्हणून अदलाबदल सापडली नाही तर २७० भागिले ९, म्हणजे ३० किंवा ३००, तक्त्यात कुठे आहे का ते बघा. तेही नसेल तर खुद्द २७० चा आकडा शोधा, कारण तो एका बेरजेत घ्यायचा राहिला असू शकतो. आणि सवलत किंवा जुनी जमा वजा करायचा रकाना असेल तर १३५ शोधा: वजा करायची रक्कम एकीकडे मिळवली गेली की फरक दुप्पट होतो. फरक नेमका १०, १०० किंवा १००० असेल तर बहुधा हातचा राहिलाय, त्यासाठी एवढी शोधाशोध नको.

तक्ता मोठा असेल, समजा ६० फ्लॅटचा, तर दर दहा फ्लॅटनंतर पेन्सिलीने रेघ मारून सगळ्या रकान्यांची उपबेरीज घ्या आणि त्या दहा ओळींपुरता मेळ बसतो का ते बघा. ज्या गटात बसणार नाही, तेवढाच तपासायचा. ही रेघ मी तक्ता करतानाच मारतो, नंतर मारायचा कंटाळा येतो.

आता मेळ बसला तरी न पकडली जाणारी चूक. १०२ चे पाण्याचे १७० आणि दुरुस्तीचे १८० एकमेकांच्या जागी लिहिले गेले, तर ओळीची बेरीज १४१० च राहते आणि एकूण ५८३० ही जुळते. पाण्याचा रकाना ७२० आणि दुरुस्तीचा ८३० होतो, पण ते उभ्या-आडव्या बेरजेत कळत नाही. त्यासाठी बाहेरचा आकडा लागतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के आहे. तुमची सोसायटी दोन्ही किमान दराने घेत असेल तर पहिला दुसऱ्याच्या तिप्पट यायला हवा. २८० ची तिप्पट ८४०. ८३० आले की रकाना गडबडला हे लगेच दिसतं.

पुढच्या महिन्यात एक्सेलमध्ये केलंत (फ्लॅट A मध्ये, एकूण F मध्ये, खालची बेरीज सहाव्या ओळीत) तर फरक असा काढा, उत्तर शून्य यायला हवं:

```
=SUM(F2:F5)-SUM(B6:E6)
```

तिथली अडचण वेगळी आहे. एखादा आकडा मजकूर म्हणून बसला असेल तर `SUM` तो उभ्या बेरजेतही सोडतो आणि आडव्याही, त्यामुळे शून्य आलं तरी एकूण रक्कम चूक असते. म्हणून शेजारी `=COUNT(B2:E5)` टाका. एकही चौकोन रिकामा नसेल तर चार ओळी आणि चार रकाने मिळून १६ यायला हवेत. १५ आले तर एक चौकोन मोजलाच गेलेला नाही.