इंग्रजी बिझनेस प्लॅन मराठीत करताना आकडे कसे सांभाळावेत?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कसाठी दोन व्हीएमसी मशीन टाकायची आहेत. प्लॅन सल्लागाराने इंग्रजीत करून दिलाय. भागीदार म्हणजे मामा आणि चुलतभाऊ, दोघांनाही तो वाचता येत नाही. बँकेच्या साहेबांनीही मराठीत सोपं टिपण मागितलंय. आकड्यांचा अर्थ न बिघडवता मराठीत कसं आणायचं?

उत्तर:

कोल्हापूर भागातल्या लहान कारखान्यांचे प्रकल्प अहवाल तयार करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून तुमच्यासारख्याच युनिटचं उदाहरण घेऊन सांगतो. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला.

सुरुवात सल्लागाराकडून एक्सेलची मूळ फाइल मागण्यापासून करा. छापील प्लॅनमध्ये प्रकल्प खर्च '8.0 मिलियन' असा गोल केलेला असतो. एक मिलियन म्हणजे दहा लाख, या हिशोबाने तुम्ही 80 लाख लिहाल. पण मशीन, शेड आणि वायरिंगच्या कोटेशनची खरी बेरीज 80.36 लाख असू शकते. बँकेत कर्जाची फाइल तपासणारा माणूस कोटेशन समोर ठेवूनच बेरीज मारतो, आणि 36 हजारांचा फरक दिसला की बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास कमी होतो. म्हणून आकडे एक्सेलमधूनच उचला आणि सगळीकडे लाखात, दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा. कर्जासाठी बँकेला द्यायचे विक्री, नफा आणि ताळेबंदाच्या अंदाजाचे तक्ते, म्हणजे सीएमए तक्ते, मात्र आहेत तसेच इंग्रजीत राहू द्या. शाखेतल्या साहेबांना मराठी आलं, तरी राष्ट्रीयीकृत बँकेत फाइल पुढे अशा कार्यालयात जाऊ शकते जिथे मराठी वाचणारं कोणी नसेल. मराठी टिपण त्या तक्त्यांच्या पुढे जोडा आणि टिपणातल्या प्रत्येक आकड्यापाशी तो कोणत्या तक्त्यातून घेतला ते लिहा.

आता उदाहरण. सोयीसाठी खर्च 80 लाख धरू: मशीन 60, शेड आणि वायरिंग 20. बँकेचं मुदत कर्ज 60 लाख, सहा वर्षांत फेडायचं, व्याज 10 टक्के. वर्षाची विक्री 1.20 कोटी.

अशा प्लॅनमध्ये 'मार्जिन' तीन ठिकाणी येतं आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. विक्रीवरचं 24 टक्के मार्जिन म्हणजे व्याज, घसारा आणि कर वजा करण्याआधीचा नफा, 28.80 लाख. मशीन-शेडवरचं 25 टक्के मार्जिन म्हणजे भागीदारांनी घालायचे 20 लाख. तिसरं मार्जिन खेळत्या भांडवलातलं. लहान उद्योगांसाठी बँका ढोबळमानाने विक्रीच्या 25 टक्के, म्हणजे इथे 30 लाख, खेळतं भांडवल लागेल असं धरतात. त्यातले विक्रीच्या 20 टक्के, म्हणजे 24 लाख, कॅश क्रेडिट म्हणून मिळतात आणि उरलेले विक्रीचे 5 टक्के, म्हणजे 6 लाख, तुमचे. हे 6 लाख इंग्रजी प्लॅनमध्ये बहुतेक वेळा मागच्या एखाद्या तक्त्यात असतात. मामांना पहिल्या पानावर फक्त 20 लाख दिसले, तर मशीन बसल्यावर आणखी पैसे मागायची वेळ येते, आणि घरातल्या भागीदारीत वाद इथूनच सुरू होतात. मराठी टिपणात एकच वाक्य ठळक लिहा: 'आपण तिघांनी मिळून 26 लाख रोख घालायचे आहेत.' खाली कोणी किती आणि कोणत्या महिन्यात, तेही लिहा.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे डीएससीआर, म्हणजे वर्षाचं मुद्दल आणि व्याज भरायला धंद्यात त्याच्या किती पट पैसे उरतात ते. बँकेत हा शब्द असाच वापरतात, तो तसाच ठेवा. पण भागीदारांसाठी त्याचा हिशोब उलगडून दाखवा. 28.80 लाखांतून दोन्ही कर्जांचं व्याज, घसारा आणि कर वजा केला की करानंतरचा नफा उरतो 6.81 लाख. त्यात घसारा 11 लाख आणि मुदत कर्जाचं व्याज 5.50 लाख मिळवलं की 23.31 लाख होतात. वर्षभरात बँकेला द्यायचे मुद्दल 10 लाख आणि व्याज 5.50 लाख, म्हणजे 15.50 लाख. भागाकार 1.50.

इथे चुलतभावाचा पहिला प्रश्न ठरलेला: 'नफा पावणेसात लाख आणि मुद्दल दहा लाख, मग हप्ता भरायचा कशातून?' उत्तर घसाऱ्यात आहे. मशीनची झीज म्हणून 11 लाख हिशोबात खर्ची पडतात, पण त्या वर्षी ते कुणाला द्यावे लागत नाहीत. ते धंद्यातच राहतात आणि मुद्दल मुख्यतः त्यांतूनच फिटतं. एवढं लिहिलं तर पुढचे निम्मे प्रश्न येणारच नाहीत.

दुसरा धोका याहून मोठा. 1.50 सोपं करून सांगताना लोक लिहितात, 'विक्री एक तृतीयांश घटली तरी हप्ता भरता येईल.' हे चूक आहे. एक तृतीयांशाची ती सूट 23.31 लाखांच्या शिलकीला लागू होते, विक्रीला नाही. विक्री 20 टक्के घटली असं धरा. जॉबवर्कमध्ये कास्टिंग ग्राहकाचं असतं; काम कमी झालं की टूल, इन्सर्ट, वीज, ओव्हरटाइम असेच खर्च कमी होतात. ते विक्रीच्या 40 टक्के मानू. म्हणजे विक्री 24 लाखांनी घटेल, खर्च फक्त 9.60 लाखांनी. आधीचा 28.80 लाखांचा नफा 14.40 वर येईल. त्यातून कॅश क्रेडिटचं व्याज 2.40 लाख गेलं की 12 लाख उरतात. त्या वर्षी तोटा असल्याने कर नाही. पण बँकेला 15.50 लाख द्यायचेच आहेत. डीएससीआर 0.77, आणि साडेतीन लाख भागीदारांच्या खिशातून.

फौंड्रीच्या ऑर्डरी मंदावल्या की जॉबवर्क 20 टक्क्यांनी खाली येणं शिरोलीत कुणालाही अशक्य वाटणार नाही. म्हणून हा हिशोब मराठी टिपणात घ्याच. तो पाहून साहेब कर्ज नाकारतील अशी भीती वाटते, पण बँक स्वतःही अशी तपासणी करते. त्यापुढे 'अशा वर्षी भागीदार उचल घेणार नाहीत, आणि चार महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम वेगळी ठेवू' असं काही लिहिता आलं तर अर्जाला बळ येतं. चार महिन्यांचे हप्ते म्हणजे पाच लाख सतरा हजारांच्या आसपास.

भाषेच्या बाजूने एकच काळजी घ्या: खात्रीचं वजन बदलू देऊ नका. इंग्रजीत एखाद्या फौंड्रीकडून 40 लाखांचं काम 'अपेक्षित' असेल आणि हातात फक्त इरादापत्र असेल, तर मराठीत 'काम मिळणार आहे' हेसुद्धा जास्त होतं. 'इरादापत्र आहे, दर ठरलेला नाही, पर्चेस ऑर्डर आलेली नाही' असं लिहा. तसंच 'भागीदारांची रक्कम' हा शब्द मोघम आहे. मामा देतात ते भांडवल की उसनवार, हे स्पष्ट हवं. उसनवार असेल तर कर्ज फिटेपर्यंत ती काढणार नाही असं बँक लिहून मागू शकते, आणि मामांना ते आधीच माहीत असायला हवं.

टिपण झालं की मामांना एकट्याने वाचू द्या आणि तीन गोष्टी विचारा: तुमचे किती पैसे लागणार, कधी लागणार, आणि धंदा कमी झाला तर अजून किती? त्यांची उत्तरं तक्त्याशी जुळेपर्यंत ते टिपण बँकेत देऊ नका. दोन्ही प्रतींवर एकच तारीख टाका आणि शेवटी ओळ घाला: 'तफावत आढळल्यास सनदी लेखापालांची सही असलेला इंग्रजी तक्ता ग्राह्य धरावा.'