वेग-काल आलेखाच्या फोटोवरून त्वरण आणि अंतर काढताना २,४३० मीटर कसे आले?

प्रश्न: मुलगी सोलापुरात नववीला आहे. क्लासच्या ग्रुपवर सात रस्त्यावरून आसऱ्याकडे निघालेल्या बसच्या वेग-काल आलेखाचा फोटो आला (सोबत जोडलाय). पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याचं त्वरण आणि एकूण अंतर काढायचंय. आमचं पहिलं त्वरण २.७ आणि अंतर २,४३० मीटर येतंय, उत्तरं ०.७५ आणि ६७५ दिलीत. फोटो तिरका आहे म्हणून चुकतंय का?

उत्तर:

फोटो तिरका आहे खरा, पण चूक तिथे नाही. २,४३० ला ३.६ ने भागून बघा, बरोबर ६७५ येतात. २.७ ला भागलं की ०.७५. म्हणजे आलेख तुम्ही नीट वाचलाय, घोळ एककांचा आहे. उभ्या अक्षावर वेग किमी/तास मध्ये आहे आणि आडव्या अक्षावर वेळ सेकंदांत. या दोघांचा गुणाकार केला की मीटर मिळत नाहीत, आणि भागाकार केला की मी/से² मिळत नाही. तुमचं २.७ हे "दर सेकंदाला वेग २.७ किमी/तासने वाढतोय" या अर्थाने बरोबरच आहे, फक्त त्यापुढे मी/से² लिहिता येत नाही.

म्हणून मुलीला एक सवय लावा: आलेख हातात आला की आधी दोन्ही अक्षांवरची एककं वाचायची आणि वेग तिथल्या तिथे मी/से मध्ये आणायचा. इथे ५४ × ५/१८ = १५ मी/से. पुढे ५४ हा आकडा वापरायचाच नाही.

आता फोटोबद्दल, कारण पुढच्या गणितात तो नक्की नडेल. कागद तिरका धरून फोटो काढला की लांबच्या बाजूचे चौकोन लहान दिसतात. तुमच्या फोटोत उजवीकडचा एक सेंटिमीटरचा चौकोन डावीकडच्यापेक्षा स्पष्ट लहान आहे आणि मधली सपाट रेघ उताराला लागल्यासारखी दिसते. अशा फोटोवर किंवा त्याच्या प्रिंटवर पट्टी लावून मोजलं तर हमखास फसायला होतं. पट्टी न लावता छापलेल्या रेघा मोजायच्या. कागद कितीही तिरका दिसो, रेघांची संख्या बदलत नाही.

प्रमाण कोपऱ्यात लिहिलंय: आडव्या अक्षावर १ सेमी = ५ सेकंद, उभ्यावर १ सेमी = १० किमी/तास. रेषा जिथे वळते तो बिंदू घ्या आणि तिथून आलेख कागदाच्या रेघेच्या मागे मागे बोट फिरवत अक्षापर्यंत या. पहिलं वळण चौथ्या ठळक उभ्या रेघेवर, म्हणजे २० सेकंदांवर आहे. दुसरं दहाव्या रेघेवर, ५० सेकंदांवर. रेषा जमिनीला टेकते ती बाराव्या रेघेवर, ६० सेकंदांवर. उंची पाच ठळक रेघा आणि वर चार बारीक घरं, म्हणून ५४. दोन्ही वळणांपाशी ही घरं मोजा. दोन्हीकडे चारच आहेत, म्हणजे रेघ सपाटच आहे, उतार फक्त कॅमेऱ्याचा.

बारीक घरं ग्रुपवरच्या फोटोत अनेकदा पुसट होतात, कारण पाठवताना फोटो दाबला जातो. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून मागवा, रेघा शाबूत येतात. एका घराची चूकही बारीक नसते: ५४ च्या जागी ५५ वाचलं तर अंतर ६८७.५ मीटर येतं, साडेबारा मीटर जास्त.

वही शिवणीजवळ फुगलेली असेल तर डावीकडची सरळ रेषाही वाकडी दिसते. तेव्हा "त्वरण बदलतंय" असं लगेच समजू नका. पहिल्या टप्प्यात मधले बिंदू तपासा: ५ सेकंदांवर साडेतेरा बारीक घरं, १० वर २७, १५ वर साडेचाळीस. दर वेळी साडेतेराच वाढतायत, म्हणून रेषा सरळ आणि त्वरण एकसमान.

त्वरण म्हणजे या रेषेचा चढ: वेगातला बदल भागिले त्याला लागलेला वेळ. पहिला टप्पा (१५ − ०) ÷ (२० − ०) = ०.७५ मी/से². मधला शून्य. शेवटचा (० − १५) ÷ (६० − ५०) = −१.५ मी/से². मुलं इथे हटकून छेदात ६० घालतात, कारण पहिल्या टप्प्यात रेषा आरंभबिंदूतून निघाल्यामुळे शेवटचा आकडा थेट चालून गेला होता. छेदात घड्याळातली वेळ येत नाही, त्या टप्प्याला लागलेली वेळ येते. आणि ऋण चिन्ह म्हणजे बस मागे आली असं नाही. रेषा आडव्या अक्षाच्या वर आहे तोवर बस पुढेच जातेय, फक्त मंदावतेय.

कोनमापकाने कोन मोजून चढ काढायच्या नादाला लागू नका. इथे रेषा ४ सेमी आडवी आणि ५.४ सेमी उभी जाते, त्याचं गुणोत्तर १.३५. हा आकडा कागदाच्या प्रमाणाचा आहे, बसचा नाही. प्रमाण बदललं की कोन बदलतो, त्वरण तेच राहतं.

अंतर म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ. तीन तुकडे पाडा: डावा त्रिकोण ½ × २० × १५ = १५०, मधला आयत ३० × १५ = ४५०, उजवा त्रिकोण ½ × १० × १५ = ७५. एकूण ६७५ मीटर. सगळी आकृती एक समलंब चौकोन आहे म्हणूनही करता येतं: ½ × (६० + ३०) × १५, उत्तर तेच. मला तुकडे बरे वाटतात, कारण "पहिल्या २० सेकंदांत किती?" असं पुढे विचारलं तर उत्तर आधीच तयार असतं.

खात्री करायला चौकोनही मोजता येतात. रेषेखाली ४८.६ चौरस सेमी भरतात. एक चौरस सेमी म्हणजे ५ सेकंद × १० किमी/तास, म्हणजे ५० ÷ ३.६, जवळजवळ १३.८९ मीटर. गुणाकार ६७५ च्या आसपास येतो. खालची अट मात्र बघा: उभा अक्ष शून्यापासून सुरू व्हायला हवा. अक्षावर नागमोडी खूण असेल किंवा फोटो काढताना खालचा भाग कापला गेला असेल, तर दिसतं तेवढंच क्षेत्रफळ मोजून अंतर कमी येतं. चढावर त्याचा परिणाम होत नाही.

आणि २,४३० चुकलंय हे उत्तर न बघताही कळलं असतं. बस पूर्ण ६० सेकंद १५ मी/से ने धावली असती तरी ९०० मीटर झाले असते. सुरुवातीला आणि शेवटी ती हळू आहे, म्हणून उत्तर ९०० च्या आतच हवं. (सात रस्त्याच्या गर्दीत अर्धा मिनिट ५४ चा वेग टिकवणारी बस गणितातच भेटायची, ते सोडा.)