ॲप तोटा दाखवतं, तरी कर सत्तावीस हजार

प्रश्न : मी नाशिकला नोकरी करतो, पगार वर्षाला ९ लाख. २०२५-२६ मध्ये एका एक्स्चेंजवर क्रिप्टोचे थोडे व्यवहार केले. स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. ॲप एकूण २,४०० रुपये तोटा दाखवतं. प्रत्येक व्यवहाराचा नफा कसा काढायचा आणि फी वजा होते का? तोटाच असल्यामुळे नेहमीप्रमाणे आयटीआर-१ भरणार आहे. तोटा भरून काढण्यासाठी १४ टक्क्यांनी १ लाखाचं पर्सनल लोन काढून पुन्हा लावावं म्हणतो.

उत्तर : फीचं नंतर बघू. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये पाच ओळी आहेत आणि त्यातल्या तिसऱ्या ओळीकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही. आकडे गोल करून सगळ्या ओळी क्रमाने घेतो.

१६ जूनला अर्धा इथेरियम १,१०,००० रुपयांना घेतलात. २२ ऑगस्टला त्यातलं ०.२ इथेरियम ७८,००० ला विकलंत. मग १८ सप्टेंबरची ओळ. तिथे `Buy` नाही, `Sell` नाही, नुसतं `Convert` आहे : ०.३ ETH म्हणजे इथेरियम गेलं, ५.९४ SOL म्हणजे सोलाना हे दुसरं कॉइन आलं. रुपयांचा रकाना रिकामा आणि फी शून्य. दुसऱ्या दिवशी ८१,२०० रुपयांचे आणखी ४.०६ सोलाना घेतलेत आणि १७ डिसेंबरला सगळे १० सोलाना १,१५,००० ला विकून टाकलेत.

नफ्याचा हिशेब मांडण्याआधी नगांचा हिशेब जुळवायचा. इथेरियम ०.५ आलं, ०.२ आणि ०.३ गेलं, शिल्लक शून्य. सोलाना ५.९४ आणि ४.०६ आले, १० गेले, शिल्लक शून्य. म्हणजे मधली एकही ओळ स्क्रीनशॉटमधून कापली गेलेली नाही. हा ताळा बसला नसता तर पुढचं काहीच करण्यात अर्थ नव्हता. तरीही रिटर्न भरताना स्क्रीनशॉटवर विसंबू नका, एक्स्चेंजवरून वर्षाचा पूर्ण ट्रेड रिपोर्ट उतरवून घ्या.

आता तिसरी ओळ. एक कॉइन देऊन दुसरं घेणं म्हणजे पहिल्याची विक्रीच. बँकेत रुपया आला नाही म्हणून ती विक्री नाही, असं कायदा मानत नाही. त्या दिवशीच्या ४ लाखांच्या भावाने ०.३ इथेरियमची विक्री किंमत १,२०,००० धरायची. सोलाना २० हजारांना होता, म्हणजे ६ यायला हवे होते. आले ५.९४, कारण १ टक्का टीडीएस कॉइनमध्येच कापला गेला. ‘झिरो फी’ची पाटी लावून हे बटण लोकांच्या बोटाखाली ठेवतात आणि त्याने करपात्र विक्री होते हे मोठ्या अक्षरात कुठेही सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

आता नफा. ०.२ इथेरियमची खरेदी ४४,००० आणि विक्री ७८,००० : नफा ३४,०००. ०.३ ची खरेदी ६६,००० आणि विक्री १,२०,००० : नफा ५४,०००. सोलानाची खरेदी १,१८,८०० अधिक ८१,२००, म्हणजे बरोबर २ लाख, आणि विक्री १,१५,००० : तोटा ८५,०००. तिन्हींची बेरीज ३,००० रुपये नफा. त्यातून फी आणि त्यावरचा जीएसटी मिळून सुमारे २,२७० आणि टीडीएसचे ३,१३० वजा केले की ॲपचा २,४०० चा तोटा येतो. टीडीएस हा खरं तर तोटा नव्हे. तो तुमच्या नावावर सरकारकडे जमा झालेला कर आहे, पण ॲपने तो खर्चात धरला.

करासाठी मात्र ही बेरीज चालतच नाही. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११५बीबीएचनुसार क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि तोटा कशातूनही वजा होत नाही. पगारातून नाही, शेअर्सच्या नफ्यातून नाही, दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनही नाही, आणि तो पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. तुमचा सोलानाचा ८५,००० चा तोटा करापुरता शून्य. कर लागणार ३४ आणि ५४ अशा ८८,००० वर : २६,४०० आणि ४ टक्के उपकर धरून सुमारे २७,४५०. टीडीएसचे ३,१३० वजा केले की २४,३०० भरायचे राहतात.

‘बारा लाखांपर्यंत कर शून्य’ हे वाक्य तुमच्याही मनात असेल. तुमच्या पगारावर नव्या पद्धतीत कर शून्यच येतो. पण ती सूट या ३० टक्क्यांच्या कराला लागू नाही. शिवाय देणं १० हजारांच्या वर असल्याने ॲडव्हान्स टॅक्स मार्चपर्यंत भरायला हवा होता. आता एप्रिलपासून महिना १ टक्का व्याज चालू आहे आणि आधीचे हप्ते चुकल्याचं थोडं व्याज वेगळं. आजच भरलात तर ते काही शेकड्यांत राहील.

फीचं उत्तर एवढंच : विक्रीची फी वजा होत नाही. खरेदीची फी काही सीए खरेदी किमतीत धरतात. तुमच्या बाबतीत ती इथेरियमवरची ६५० रुपये, म्हणजे कर वाचणार दोनशे. तेवढ्यासाठी वाद ओढवून घेऊ नका.

आयटीआर-१ अजिबात भरू नका, त्यात क्रिप्टो दाखवायची सोयच नाही. पगारदारासाठी आयटीआर-२, आणि त्यात ‘शेड्यूल व्हीडीए’. तिथे प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ असते : खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदी किंमत, मिळालेली रक्कम. इथेरियमच्या दोन ओळी येतील. सोलाना दोन वेळा घेतलेत म्हणून त्याच्याही दोन ओळी करा, त्यांचं उत्पन्न शून्य येईल. ‘तोटाच आहे’ म्हणून त्या गाळू नका. टीडीएस कलम १९४एसखाली फॉर्म २६एएसमध्ये दिसतो, म्हणजे तुमच्या तिन्ही विक्री खात्याला आधीच माहीत आहेत. तिथली रक्कम ३,१३० शी जुळते का ते आधी बघा.

आणि लोन. काढू नका. ८५,००० चा तोटा नव्या नफ्यातून भरायचा तर त्या नफ्यावरही उपकरासह ३१.२ टक्के कर लागणार, म्हणजे साधारण १,२३,५०० कमवावे लागतील. १ लाखावर! पैसे दुपटीहून जास्त व्हायला हवेत, आणि वर लोनचं वर्षाला दहा-बारा हजार व्याज, जे नफ्यातून वजाही होत नाही. हप्ता पगारातून दर महिन्याला जाणार, कॉइन वर जावो की खाली. कोणत्या आधारावर ही आशा धरली आहे, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.

डिसेंबरच्या विक्रीचे फी आणि टीडीएस जाऊन १,१३,००० तुमच्या एक्स्चेंजच्या खात्यावर पडून आहेत. ते या आठवड्यात बँकेत काढा, त्यातून २४,३०० आणि व्याज सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून भरा, चलनाचा तपशील आयटीआर-२ मध्ये घाला आणि ३१ जुलैच्या आत रिटर्न भरून ई-व्हेरिफाय करा. उरलेले ८८ हजार तीन-चार महिन्यांच्या घरखर्चासाठी एफडीत टाका.