मिनिमम भरून एफडी वाचवायची का?

«सर, क्रेडिट कार्डाचं बिल ४८,००० आलंय. २० मे रोजी ४०,०००चा फ्रिज घेतला, १ जूनला ८,०००चा शाळेचा खर्च झाला. स्टेटमेंट १२ जूनचं आहे, भरायची शेवटची तारीख २ जुलै. मिनिमम ड्यू २,४००. व्याज महिना साडेतीन टक्के लिहिलंय. माझा पगार ५ तारखेला होतो. आत्ता हातात २०,००० आहेत. ६०,०००ची एक वर्षाची एफडी १५ सप्टेंबरला पिकते. ती मोडायला जीव होत नाही. तोवर मिनिमम भरत राहिले तर चालेल का? किराणाही सध्या कार्डावरच घेते.»

नाही ताई, चालणार नाही. मिनिमम भरल्याने लेट फी टळते आणि हप्ता चुकल्याची नोंद होत नाही, पण व्याज थांबत नाही.

बिनव्याजी मुदत मिळते ती एकाच अटीवर: बिलाची पूर्ण रक्कम २ जुलैपर्यंत भरली पाहिजे. थोडी जरी राहिली तरी ती सवलतच जाते आणि व्याज २ जुलैपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं. तेही उरलेल्या रकमेवर नाही, भरणा होईपर्यंत सगळ्या रकमेवर. बहुतेकांची चूक इथेच होते.

तुमचाच हिशेब मांडू. महिना साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. फ्रिजच्या ४०,०००वर २० मे ते २ जुलै या ४३ दिवसांचं व्याज साधारण १,९८० रुपये. शाळेच्या ८,०००वर ३१ दिवसांचं २८५. तुम्ही २,४०० भरलेत की ४५,६०० उरतात, त्यांच्यावर १२ जुलैपर्यंतच्या दहा दिवसांचे ५२५. बेरीज २,७९०, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ५०२. नव्या स्टेटमेंटवर आकडा येईल सुमारे ४८,८९० रुपये. म्हणजे २,४०० भरूनही देणं जवळपास ९०० रुपयांनी वाढलं. पुढच्या महिन्यांत मागच्या तारखांचा हा भार नसतो, तरी ४५,६००वर व्याज आणि कर मिळून दरमहा १,९००च्या आसपास जातातच.

२,४००ऐवजी हातातले २०,००० २ जुलैला भरले तर? पहिल्या बिलातली बचत जेमतेम २४० रुपये, कारण व्याजाचा मोठा भाग तोवर झालेला असतो. त्यामुळे पूर्ण रक्कम भरता येणार नसेल, तर जेवढं आहे तेवढं आजच भरा. व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर चढतं, शेवटच्या तारखेची वाट पाहण्यात काही फायदा नाही.

पण तुम्हाला पूर्ण भरता येईल, आणि एफडी न मोडता. बँकेकडे एफडीवर कर्ज मागा. ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत ते मिळतं आणि दर एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. हातातले १५,००० आणि कर्जाचे ३३,००० मिळून बिल फेडा, ५,००० घरखर्चाला ठेवा. कर्ज नऊ टक्क्यांनी धरलं तर १५ सप्टेंबरपर्यंतच्या ७५ दिवसांचं व्याज ६१० रुपयांच्या आसपास होतं, आणि ६०,०००वरचं तुमचं व्याज चालूच राहतं. ठेव मोडलीत तरी दंड सहसा अर्धा ते एक टक्का व्याजदराचा असतो, म्हणजे काही शे रुपये. तेही कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजापेक्षा कमीच.

ती करबचतीची पाच वर्षांची ठेव असती तर दोन्ही वाटा बंद होत्या. तुमची तशी नाही.

बिल थकलेलं असेपर्यंत किराणा मात्र कार्डावर नको. जुनी बाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ५ जुलैला घेतलेल्या ३,०००च्या सामानावर ५ जुलैपासूनच व्याज सुरू होतं. यूपीआयने बचत खात्यातून द्या.

मुळातली अडचण तारखांची दिसते. पगार ५ला, बिलाची शेवटची तारीख २ला, म्हणजे दर महिन्याला तुम्ही तीन दिवसांनी मागे पडता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलिंग सायकल निदान एकदा बदलून मिळते. स्टेटमेंट २० तारखेच्या आसपास येईल असं बँकेला सांगा, म्हणजे शेवटची तारीख पगारानंतर, ९-१० तारखेला येईल. हे कामही २ जुलैचं बिल फेडल्यावर लगेच करा.