गल्ल्यातले पैसे आणि नफा

“माझा मुलगा अकरावीत आहे. शनिवार-रविवारी दिवे घाटाच्या रस्त्यावर सीताफळे विकतो. हातात दोन-अडीच हजार आले की म्हणतो, आता शिकून काय करायचे? त्याला कसे समजावू?”

त्याच्याशी वाद घालू नका, हिशेब मागा. असाच एक सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). मी त्याला बरेच समजावले, पण उपयोग झाला तो त्याच्या आजीचा, जिने पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन बाजार केला होता.

त्याने चाळीस रुपये किलोने ४० किलो माल घेतला होता. टेम्पोभाडे, पिशव्या आणि चहा धरून एकूण खर्च १,७६० रुपये झाला. दोन दिवसांत ३० किलो ऐंशीच्या भावाने गेला, मऊ पडलेला ६ किलो तिसाने काढावा लागला आणि ४ किलो नासला. गल्ल्यात २,५८० रुपये होते व त्याच्या लेखी ती सगळी कमाई होती. आजीने त्यातून १,७६० मोजून पदरात बांधले आणि म्हणाली, “हे पुढच्या मालाचे मुद्दल. याला हात लावायचा नाही. उरले ते तुझे.” उरले ८२० रुपये, म्हणजे अठरा तास उभे राहिल्याचे तासाला जेमतेम पंचेचाळीस.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. सीताफळाचे डोळे उघडले की फळ दोन-तीन दिवसांत मऊ होते, आणि मुलगा मात्र सगळा माल एकाच ढिगात ठेवत असे. आजीने एकेक फळ तळहातावर घेऊन, अंगठ्याने अगदी हलके दाबून, आजचे, उद्याचे आणि परवाचे असे तीन वाटे केले. घाटात थांबून लगेच खाणाऱ्याला आजचे द्यायचे, घरी नेणाऱ्याला परवाचे. पुढच्या आठवड्यात तिने ३० किलोच माल घ्यायला लावला. त्यातला २७ किलो पूर्ण भावाने गेला, २ किलो तिसाने आणि १ किलो वाया. खर्च १,३६० रुपये, विक्री २,२२०, नफा ८६०. माल दहा किलोने कमी असूनही चाळीस रुपये जास्तच सुटले, हे त्याने स्वतः दोनदा मांडून पाहिले.

तुम्हीही वही घालून द्या, मात्र त्याचे पैसे न विचारता घरखर्चात घेऊ नका, नाहीतर तो हिशेब लपवू लागेल. खर्च, मजुरी आणि नासाडी वजा जाऊनही चांगली रक्कम उरत असेल, तर तीही मोकळेपणाने मान्य करा. माझ्याकडच्या मुलाने हंगाम संपेपर्यंत विक्री केली. डिसेंबरात रिकामी पाटी उलटी ठेवून तो वही घेऊन आला आणि त्यानेच विचारले, “आता पुढच्या हंगामापर्यंत काय?” शिक्षणाविषयी आमचे खरे बोलणे त्या दिवशी सुरू झाले.