तीस स्कर्टना कापड किती लागेल?

एकाच मापाचे तीस प्लीटेड स्कर्ट शिवायचे म्हणून तुम्ही एका स्कर्टचं कापड मोजून त्याला तीसने गुणलंत. तिथेच बरंच कापड जास्त धरलं जातं.

तुमचंच माप घेऊ. कंबर २४ इंच, प्लीट्ससाठी तिप्पट म्हणजे घेर ७२. उंची शिलाई आणि दुमड धरून २२. कापडाचा पन्हा ५८, पण दोन्ही किनारी सोडून हाती ५६ इंचच येतात. दोन जोडांचा एकेक इंच धरून ३७ इंचांचे दोन समान भाग कापले, तर २२ इंच उंचीच्या एका आडव्या पट्टीत एकच बसतो आणि बाजूला १९ इंच वाया जातात. एका स्कर्टला अशा दोन पट्ट्या लागतात. तीस स्कर्टना १३२० इंच, म्हणजे साडेतेहतीस मीटर.

त्याऐवजी एक अख्खी ५६ची पट्टी आणि १८चा एक तुकडा जोडा. दोन जोडांत एकेक इंच गेला की बरोबर ७२ उरतात. तीन स्कर्टना तीन अख्ख्या पट्ट्या लागतात आणि चौथ्या पट्टीतून असे तीन तुकडे निघतात, म्हणजे चार पट्ट्यांत तीन स्कर्ट. तीस स्कर्टना ४० पट्ट्या, ८८० इंच, साधारण साडेबावीस मीटर. जोड मात्र प्लीटच्या आतल्या घडीतच लपवा. आधी कागदाच्या पट्टीवर घड्या घालून बघा.

कमरपट्ट्यांना सव्वा मीटर वेगळं. सुती कापड आटतं, म्हणून एक मीटर धुऊन मोजा आणि तेवढी वाढ धरा.

चौकडीचं कापड असेल तर हिशोब बदलतो. चौकट ३ इंचांची असली, तर प्रत्येक पट्टी २२ऐवजी २४ची कापा, नाहीतर जोडावर रेघा जुळणार नाहीत.