लिसिडसमधला सूर्य बुडतो की मावळतो?

"मिल्टनच्या 'लिसिडस' या विलापिकेचं मराठी करतोय. शेवटाकडे सूर्य समुद्रात 'सिंक' होतो तिथे बुडणे घेऊ की मावळणे? आणि एवढं रडून झाल्यावर एकदम दिलासा येतो कुठून?"

बुडणेच घ्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्याच क्रियापदात आहे.

मिल्टनच्या कॉलेजातला एडवर्ड किंग 1637 मध्ये समुद्रात बुडून गेला, त्याच्यावरची ही कविता, आणि तिच्यात त्याला लिसिडस नावाचा मेंढपाळ केलंय. त्यामुळे पाणी इथे सुरुवातीपासून वैरी आहे. बाराव्या ओळीतच समुद्राला पाण्याची तिरडी म्हटलंय, आणि त्यावर लिसिडस कुणी न रडता तरंगत राहता कामा नये असं कवी म्हणतो.

मग बरंच पुढे फुलांची मोठी यादी येते, व्हायोलेट, पॅन्सी, अश्रूंनी पेले भरणारे डॅफोडिल, सगळी त्याच्या तिरडीवर वाहायला. वाचताना वाटतं की आला दिलासा, टोन पण मऊ होतो, पण लगेच कवी स्वतःच सांगतो की जरा बरं वाटावं म्हणून आपण खोट्या कल्पनेशी खेळतोय, कारण फुलं वाहायला देहच नाहीये, हाडं लाटांनी कुठे भिरकावलीत कुणास ठाऊक. हे पान भराभर उलटू नका. हा फसलेला दिलासा आहे, आणि तो फसतो म्हणूनच पुढचा पटतो (मला तरी फुलांपेक्षा त्यानंतर कवीच्या तोंडून निघणारा 'अरेरे'च जास्त आवडतो).

193 ओळींच्या कवितेत 165व्या ओळीला वळण येतं: मेंढपाळांनो, आता रडू नका. तो पाण्याच्या तळाशी बुडाला असला तरी मेलेला नाही, कारण सूर्यही असाच समुद्रात बुडतो आणि थोड्या वेळात मान वर काढतो. मूळात माणसाला आणि सूर्याला एकच क्रियापद आहे. म्हणजे दिलासा बाहेरून आणलेला नाही, ज्या शब्दाने मारलं त्याच शब्दाचा अर्थ फिरवलाय, आणि लगोलग लाटांवरून चालणारा ख्रिस्त आणून त्या पाण्याची भीतीही काढून घेतलीय. मावळला लिहिलंत की हा सांधा गेला, दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आपल्याकडे गावाकडे 'दिस बुडाला' म्हणतातच की, मग अडचण कसली!

एकच सांभाळा. शेवटच्या आठ ओळींत 'मी' जातो आणि कुणी तिसराच सांगतो की एका मेंढपाळाने हे गाणं म्हटलं. तिथे सूर्य पुन्हा पश्चिमेच्या खाडीत उतरतो, पण क्रियापद वेगळं आहे, आणि लगेच मेंढपाळ उठून निळी घोंगडी सावरतो, उद्या नवी रानं म्हणून निघतो. तिथला सूर्य खुशाल मावळू द्या, कारण आता कुणी बुडत नाहीये.